एकाच पेशंटचे दोन एबीजी, पीएच तोच आणि बाकी सगळं वेगळं

प्रश्न: मॅडम, मी विदर्भात उपजिल्हा रुग्णालयात मेडिकल ऑफिसर आहे. सीओपीडीचा पेशंट, ऑक्सिजन लावलेला नव्हता, बोटावरचा ऑक्सिमीटर ८७ दाखवत होता. इंटर्नने एबीजी काढला : पीएच ७.३३, पीसीओटू ४९, पीओटू ९४, बायकार्ब २५. पटलं नाही म्हणून मी स्वतः पुन्हा काढला आणि धावत मशीनवर नेला : ७.३३, ६०, ५४, ३१. पहिल्या वेळी २ सीसीच्या सिरिंजमध्ये हेपरिन थोडं राहिलं होतं, रक्त १ सीसीच आलं, फेसाळ हवा होती ती काढायची राहिली, आणि मामा येईपर्यंत सॅम्पल चाळीस मिनिटं ट्रेमध्ये पडून होतं. मे महिना, वॉर्डात एसी नाही. पण मग पीएच दोन्हीत सारखा कसा? की मशीनच बिघडलंय?

उत्तर:

मशीन ठीक आहे. तुमचा रिपोर्ट खरा, इंटर्नचा खोटा. तुम्ही जे तीन दोष सांगितलेत ते तिन्ही त्या कागदावर वाचता येतात. गंमत अशी की ते एकमेकांच्या विरुद्ध ओढतात, म्हणून पीएच जागच्या जागी राहिला आणि रिपोर्ट वरवर शहाणासुरता दिसला.

पहिला रिपोर्ट खोटा आहे हे दुसरा न काढताही कळलं असतं, आणि ऑक्सिमीटर बाजूला ठेवला तरी कळलं असतं. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६०. श्वासनलिकेत हवा ओली होते, त्या वाफेचे ४७ वजा करा, उरतात ७१३. त्यातला २१ टक्के ऑक्सिजन म्हणजे सुमारे १५०. तुमच्याकडे विदर्भात, समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरवर, हाच आकडा १४४ च्या आसपास येतो. पुण्यात आणखी थोडा कमी, १४० च्या जवळ. आता फुप्फुसाच्या पिशवीत किती ऑक्सिजन उरेल? पीसीओटूला ०.८ ने भागायचं आणि ते यातून वजा करायचं. ४९ भागिले ०.८ म्हणजे ६१. १४४ वजा ६१, उरले ८३. फुप्फुसात ८३ असताना धमनीत ९४ कुठून येणार? विहिरीत नाही ते पोहऱ्यात येत नाही. म्हणजे एकतर पेशंटला ऑक्सिजन चालू होता, किंवा रक्ताला सिरिंजमध्ये बाहेरची हवा लागली.

एवढं मात्र सिस्टरना विचारून घ्या, की सॅम्पलच्या आधी कुणी मास्क काढून ठेवला होता का. सीओपीडीत ऑक्सिजन काढल्यावर तो फुप्फुसातून धुऊन निघायला वीस ते तीस मिनिटं लागतात. पाच मिनिटांपूर्वी मास्क काढला आणि फॉर्मवर 'रूम एअर' लिहिलं, की माझं वरचं गणित कोसळतं. तुमच्या पेशंटचं तसं नव्हतं असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हवेवर बोट ठेवते.

आता हेपरिनपासून एकेक दोष सोडवू, कारण सगळ्यात मोठी चूक तिथे आहे.

आपल्याकडे १००० युनिटची व्हायल फोडायची, थोडं हेपरिन ओढायचं, दट्ट्या मागेपुढे करून भिंती ओल्या करायच्या आणि बाकीचं टाकून द्यायचं, अशी पद्धत आहे. ती चालते, पण 'टाकून द्यायचं' हा भाग बहुतेक जण अर्धवट करतात. सिरिंज उभी धरून दट्ट्या पूर्ण दाबला तरी टोकात आणि सुईत मिळून साधारण ०.१ सीसी उरतंच. गुठळी होऊ न द्यायला तेवढं पुरून उरतं. त्यावर २ सीसी रक्त घेतलं तर पाच टक्क्यांच्या आत भेसळ. एकच सीसी घेतलं तर दहा टक्के. तुमच्या इंटर्नने 'थोडं' ठेवलं ते ०.२ सीसी धरू या. १ सीसी रक्तात ०.२ सीसी पाणी, म्हणजे रक्त एक षष्ठांश पातळ झालं.

हेपरिनच्या द्रावणात कार्बन डायऑक्साइड जवळजवळ नसतो आणि बायकार्बही नसतो. त्यामुळे दोन्ही एकाच प्रमाणात उतरतात : ६० चे ५०, ३१ चे २६. पीएच ठरतो तो या दोघांच्या गुणोत्तरावर. दोघंही सारखे घटले, गुणोत्तर तेच, पीएच तोच. हेपरिन स्वतः आम्लधर्मी आहे, पण इतक्या प्रमाणात रक्त त्याला सहज सांभाळून घेतं. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे : पातळ झालेलं सॅम्पल पीएचमध्ये दिसत नाही.

इथे एक गैरसमज काढून टाकते, कारण मीही रेसिडेंट असताना तो बाळगून होते. आपल्याला शिकवतात की हायड्रोजन आयन बरोबर २४ गुणिले पीसीओटू भागिले बायकार्ब, हा ताळा जुळला की रिपोर्ट बरोबर. तुमचा पहिला रिपोर्ट लावून पाहा. २४ गुणिले ४९ भागिले २५ म्हणजे ४७, आणि पीएच ७.३३ चा हायड्रोजन आयन ४७ च. चोख जुळलं. जुळणारच, कारण मशीन बायकार्ब मोजतच नाही. ते पीएच आणि पीसीओटू मोजतं आणि याच सूत्राने बायकार्ब काढतं. मुलाने स्वतःच सोडवलेली आणि स्वतःच तपासलेली वही आहे ती. हा ताळा फोनवर आकडा ऐकताना किंवा उतरवून घेताना झालेली चूक पकडतो. सिरिंजमधली चूक तो कधीच पकडणार नाही.

पातळपणा पकडायचा तर त्याच कागदावर खाली पाहा. तुमच्या मशीनवर हिमोग्लोबिन आणि इलेक्ट्रोलाइट येत असतील, तर पहिल्या रिपोर्टवरचं हिमोग्लोबिन सकाळच्या सीबीसीशी ताडून बघा. सीबीसीत १५ असेल तर इथे साडेबाराच्या आसपास दिसेल. पोटॅशियमही त्याच प्रमाणात खाली असेल. आयनाइज्ड कॅल्शियम त्याहूनही जास्त खाली, कारण हेपरिन कॅल्शियमला धरून ठेवतं : पाण्याने कमी झालं ते वेगळं आणि हेपरिनने गिळलं ते वेगळं. सोडियमवर मात्र विसंबू नका. ते हेपरिन सोडियमचंच असतं, त्यामुळे तो आकडा फारसा हलत नाही आणि उगाच धीर देतो. आर्टरी लाइनमधून काढताना आधीचं सलाइन पुरेसं टाकून दिलं नाही तरी असंच चित्र दिसतं, फक्त तिथे सोडियम आणि क्लोराइड सलाइनच्या बाजूला सरकतात आणि कॅल्शियम हेपरिनइतकं कोसळत नाही.

कोरडं हेपरिन लावलेल्या तयार एबीजी सिरिंज मिळतात. त्यात पाणीच नसल्यामुळे हा सगळा प्रश्न उरत नाही, आणि चांगल्या सिरिंजमध्ये हेपरिन कॅल्शियमसाठी संतुलित केलेलं असतं. महाग पडतात म्हणून स्टोअर कुरकुर करतं. तुमच्याकडे नसतील तर एवढंच करा : हेपरिन ओढा, भिंती ओल्या करा, टोक वर करून सगळं बाहेर टाका, सुई बदला आणि नव्या सुईने किमान दीड-दोन सीसी रक्त घ्या. एका सीसीवर थांबायची वेळ आली, तर 'सॅम्पल कमी' असं फॉर्मवर लिहा, म्हणजे वाचणारा बायकार्बकडे सावध नजरेने बघेल. कोरड्या सिरिंजचा एक त्रास असतो तोही सांगते. रक्त आल्यावर ती लगेच तळहातांत घोळवावी लागते आणि वरखाली उलटावी लागते. नाही घोळवली तर बारीक गुठळ्या होतात आणि मशीनची नळी तुंबते. मग लॅबवाला तुमचं नाव लक्षात ठेवतो.

आता हवा. वॉर्डातल्या हवेत ऑक्सिजनचा दाब १५० च्या पुढे, कार्बन डायऑक्साइड नगण्य. रक्त आणि बुडबुडा एकत्र राहिले की देवाणघेवाण सुरू होते : रक्ताचा ऑक्सिजन १५० कडे सरकतो, कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यात निघून जातो, पीएच वर जातो. बुडबुडा केवढा आहे यापेक्षा त्याचा किती पृष्ठभाग रक्ताला लागतो, हे जास्त महत्त्वाचं. वाटाण्याएवढा एक बुडबुडा वर शांत तरंगत असेल तर तो हळू काम करतो. तेवढीच हवा फेस होऊन पसरली, की काही मिनिटांत रक्त हवेशी सलगी करतं. म्हणूनच बुडबुड्यासकट सिरिंज घोळवणं हे सगळ्यात वाईट. आधी हवा बाहेर, मग घोळवणं, हा क्रम उलटा होता कामा नये. आणि मामांनी सिरिंज खिशात टाकून दोन जिने पळत चढायचे, हेही घोळवणंच आहे.

तुमच्या इंटर्नच्या सिरिंजमध्ये रक्त एक सीसी आणि फेस. ५० वर आलेला पीसीओटू हवेमुळे आणखी चारेक अंकांनी उतरला असेल, पीएच ०.०३ च्या आसपास वर गेला असेल. ऑक्सिजन ५४ वरून ९४. एवढी उडी बुडबुड्याने कशी मारली, असं वाटेल. पण हिमोग्लोबिन ८७ टक्क्यांवरून ९६-९७ टक्क्यांपर्यंत भरायला १ सीसी रक्ताला लागणारा ऑक्सिजन ०.०२ सीसीइतकाच असतो, आणि ०.३ सीसी हवेत त्याच्या तिप्पट ऑक्सिजन असतो. हिमोग्लोबिन भरत आलं, की पुढे थोड्या ऑक्सिजननेही पीओटू झपाट्याने चढतो. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात राहत नाही : व्हेंटिलेटरवर जास्त ऑक्सिजन घेणाऱ्या पेशंटचा खरा पीओटू ३०० असेल, तर तोच बुडबुडा तो खाली ओढतो. हवा पीओटू 'वाढवते' असं पाठ करू नका. ती त्याला १५० कडे नेते, मग तो खालून येवो की वरून.

हवा काढायची वेळ एकच, सुई धमनीतून बाहेर आल्या आल्या. दुसऱ्या माणसाने मनगटावर दाबून धरायचं, पाच मिनिटं घड्याळ लावून, आणि रक्त पातळ करायची औषधं चालू असतील तर जास्त. तुम्ही सुई सुरक्षितपणे काढून टाका, सिरिंजचं टोक वर करा, टिचकी मारा, टोकाला गॉज धरून हवा आणि एक थेंब रक्त बाहेर येईपर्यंत दट्ट्या दाबा, मग टोपी लावा. सुई वाकवून किंवा व्हायलच्या रबरी बुचात खुपसून पाठवायची जुनी सवय अजून दिसते. त्यात हवाही शिरते आणि बोटंही टोचतात. दट्ट्या मागे ओढून रक्त घेतलं तर बाजूने हवा येण्याची शक्यता वाढते. धमनी नीट सापडली तर सहसा रक्त आपल्या दाबाने चढतं, ते चढू द्या.

तिसरा दोष वेळेचा, आणि तुमच्या गावात मे महिन्यात त्याला वेगळं वजन आहे.

सिरिंजमधलं रक्त मेलेलं नसतं. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट ऑक्सिजन खातात, कार्बन डायऑक्साइड सोडतात. तांबड्या पेशी ग्लुकोज मोडून लॅक्टिक आम्ल करत राहतात. म्हणून वेळ गेला की पीएच खाली, पीसीओटू वर, ऑक्सिजन खाली, ग्लुकोज खाली, लॅक्टेट वर. शरीराच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंशांना, तासाला पीएच ०.०५ ने उतरतो आणि पीसीओटू ५ ने चढतो, असा ढोबळ हिशेब धरतात. बर्फाच्या पाण्यात हाच वेग साधारण दहावा हिस्सा होतो. पुस्तकात 'रूम टेंपरेचरला ३० मिनिटं चालेल' असं लिहिलेलं असतं ती रूम २०-२५ अंशांची असते. तुमचा वॉर्ड दुपारी चाळिशीला असतो. खिडकीजवळच्या ट्रेमध्ये पडलेली सिरिंज म्हणजे जवळपास इन्क्युबेटरमध्ये ठेवलेलं सॅम्पल. चाळीस मिनिटांत पीसीओटू तीनेक अंकांनी चढला असेल आणि पीएच ०.०३ ने उतरला असेल.

आता बेरीज करा. ६० चे हेपरिनने ५०, हवेने ४६, उन्हाळ्याने पुन्हा ४९. पीएच हेपरिनने हलला नाही, हवेने ०.०३ वर, उशिराने ०.०३ खाली. दोन चुकांनी एकमेकींना झाकलं. आकडे मी अंदाजे मांडलेत, पण तुमचा पहिला कागद असाच तयार झाला असणार. उशिराने ऑक्सिजनही थोडा खाल्ला असेल. पांढऱ्या पेशी प्रमाणात असल्या तर तो फार नसतो, आणि इथे हवेने दिलेल्या देणगीपुढे तो दिसलाही नाही.

पांढऱ्या पेशी प्रमाणाबाहेर असल्या की मात्र उलटंच होतं. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचा एक पेशंट मला आठवतो, पांढऱ्या पेशी दोन लाखांच्या वर. एबीजीत पीओटू ३८ आला. ड्यूटीवरचा मुलगा ट्यूब टाकायची तयारी करून मला बोलवायला आला. मी जाऊन बघते तर पेशंट मांडी घालून उपमा खातोय, ऑक्सिमीटर ९७. सॅम्पल वीस मिनिटं काउंटरवर होतं. तेवढ्यात त्या पेशींनी सिरिंजमधला ऑक्सिजन फस्त केला होता. पुन्हा काढून, बर्फाच्या पाण्यात घालून, दोन मिनिटांत लावला तर ८० च्या वर. अशा पेशंटमध्ये ऑक्सिमीटरवर विश्वास ठेवायचा, आणि एबीजी काढायचाच तर मशीनशेजारी उभं राहून.

मग प्रत्येक सॅम्पल बर्फातच का नाही न्यायचं? कारण आपली सिरिंज प्लॅस्टिकची. प्लॅस्टिकमधून ऑक्सिजन झिरपतो. रक्त गार झालं की हिमोग्लोबिन ऑक्सिजनला घट्ट धरतं आणि रक्तात ऑक्सिजन जास्त विरघळतो, त्यामुळे आतला दाब पडतो आणि बाहेरचा ऑक्सिजन भिंतीतून आत येत राहतो. मशीन तेच रक्त ३७ अंशांना तापवतं, तेव्हा आत आलेला जादा ऑक्सिजन पीओटूच्या आकड्यात उघडा पडतो. शिवाय गारव्यात तांबड्या पेशींचा सोडियम-पोटॅशियम पंप थंडावतो, पोटॅशियम बाहेर गळतं. बर्फाचा खडा थेट सिरिंजला लागला तर पेशी फुटतात आणि पोटॅशियमचा आकडा भलताच येतो. काचेच्या सिरिंजच्या काळात बर्फाचा नियम शोभत होता, कारण काचेतून ऑक्सिजन जात नाही. प्लॅस्टिकसाठी नियम असा : बर्फ नाही, आणि ३० मिनिटांच्या आत मशीनवर.

तुमच्यासाठी हे ३० मी १५ वर आणेन, निदान मार्च ते जून. लॅक्टेट बघायचं असेल तर बारा महिने १५. जमवायचं कसं, तर सुई टोचण्याआधी आयसीयूत फोन करून मशीन मोकळं आहे का, कॅलिब्रेशन चालू नाही ना हे विचारा, आणि नेणारा माणूस आधी उभा करा. मामा सापडल्यावर सॅम्पल काढायचं, सॅम्पल काढून मामा शोधायचे नाहीत. फॉर्मवर काढल्याची वेळ, ऑक्सिजन किती चालू होता आणि पेशंटचं तापमान लिहा. मशीनवर लावण्याआधी पुन्हा एक मिनिट घोळवा, कारण पडून राहिलेल्या सिरिंजमध्ये पेशी खाली बसतात आणि हिमोग्लोबिन चुकतं. टोकातले पहिले दोन थेंब टाकून द्या.

आणि कधी मशीनच बंद पडलं, सॅम्पल गाडीने तासभर दूर न्यावं लागलं, तर? काचेची सिरिंज मिळाली तर ती, बर्फ घातलेल्या पाण्यात, नुसत्या खड्यांत नाही. प्लॅस्टिकच असेल तरी मी बर्फाच्या पाण्यातच पाठवेन, पण परत आलेल्या कागदावरचे पीएच आणि पीसीओटू तेवढे वाचेन. ऑक्सिजनसाठी ऑक्सिमीटर आणि पोटॅशियमसाठी वेगळी ट्यूब.

तुमच्या पेशंटबद्दल शेवटचं. ६० आणि ३१ याचा अर्थ हा माणूस आधीपासून कार्बन डायऑक्साइड साठवतोय आणि आता त्यावर नवीन भर पडली आहे. ऑक्सिजन मोजून द्या, ऑक्सिमीटर ८८ ते ९२ मध्ये ठेवा. औषधांनंतरही पीएच ७.३५ च्या खालीच राहिला तर बायपॅप लावा. पहिला रिपोर्ट फाइलला लावला असेल तर त्यावर आडवी रेघ मारून 'सॅम्पल पातळ, हवा, ४० मिनिटं उशीर' असं लिहून सही करा. नाहीतर रात्रपाळीचा डॉक्टर २५ चं बायकार्ब बघून हा पेशंट आजच पहिल्यांदा कार्बन डायऑक्साइड साठवतोय असं धरेल, आणि पीओटू ९४ बघून ऑक्सिजनही बंद करेल.